न बदलणारी नाडी

छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाताना गोदावरी ओलांडण्याच्या थोडे अलीकडे वडीगोद्री लागते. अंबड तालुक्यातले, जालना जिल्ह्यातले हे गाव. आजूबाजूला ऊस आणि मोसंबी. तिथल्या विज्ञान शिक्षकांच्या एका छोट्या बैठकीत आम्ही ‘नाडी मोजा’ हा प्रयोग घेतला होता. प्रयोग नेहमीचाच. मनगटावर तीन बोटे ठेवायची, एक मिनिट ठोके मोजायचे, मग जागच्या जागी वीस उड्या मारून पुन्हा मोजायचे. फळ्यावर दोन रकाने आखलेले होते. पहिल्या रकान्यात 68, 74, 80 असे आकडे, दुसऱ्यात 104, 112, 118.

एक निवृत्त गुरुजी कौतुकाने बसले होते. वय 66, मधुमेह 22 वर्षांचा. उड्या त्यांना शक्य नव्हत्या, म्हणून जिन्याच्या दहा पायऱ्या चढून-उतरून आले. आधी 91, नंतर 92. एका तरुण शिक्षकाने हसून म्हटले, “गुरुजी, तुमचं हृदय एकदम शिस्तीचं आहे हो!” गुरुजीही हसले. त्यांच्या मुलाने दिलेल्या मनगटी घड्याळातही गेले वर्षभर जवळजवळ हेच आकडे दिसत होते, रात्री झोपेतही. घरातल्या सगळ्यांनी याचा अर्थ ‘हृदय स्थिर आहे’ असाच लावला होता.

आमच्यासोबत आलेले डॉक्टर मित्र मात्र हसले नाहीत. त्यांनी पेटीतून हृदयालेखाचे यंत्र काढले. ते काय शोधत होते हे समजायला थोडे मागे जावे लागेल.

नाडी पाहण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. शार्ङ्गधरसंहितेत नाडीच्या चालीला जळू, साप, बेडूक, हंस यांच्या चालींची उपमा दिलेली आहे, हे अनेकांना ठाऊक असते. त्या वर्णनात भर चालीवर आहे, संख्येवर नाही. नाडी मोजायची तर घड्याळ हवे. इंग्लंडमधल्या जॉन फ्लॉयर या वैद्याने 1707 मध्ये नाडीसाठी मुद्दाम एक मिनिट चालणारे घड्याळ वापरण्याचा पुरस्कार केला, आणि त्यानंतर हळूहळू ‘मिनिटाला इतके’ हे नाडीचे मुख्य वर्णन झाले. सोय झाली, पण एक गोष्ट निसटली. मिनिटाचा आकडा ही सरासरी असते. 72 ठोके म्हणजे प्रत्येक ठोका बरोबर 0.83 सेकंदाने पडतो असे नाही. निरोगी माणसात एक ठोका 0.78 सेकंदाने, पुढचा 0.86 ने, त्यापुढचा 0.90 ने पडतो. ठोक्याठोक्यातल्या या फरकाला आपण चढउतार म्हणू.

हा चढउतार कशाशी बांधलेला आहे, हे 1847 मध्ये जर्मनीतल्या कार्ल लुडविग यांनी दाखवले. धुराने काळवंडलेल्या, फिरत्या नळकांड्यावर सुईने रेघ ओढणारे एक यंत्र त्यांनी बनवले होते. कुत्र्याचा रक्तदाब त्यावर नोंदवताना त्यांना दिसले की श्वास आत घेताना ठोके जवळजवळ येतात, बाहेर सोडताना दूर जातात. दोनच वर्षे आधी, 1845 मध्ये, वेबर बंधूंनी मेंदूतून निघून छातीपोटात उतरणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूला विजेचा झटका दिला, तेव्हा हृदय मंदावून थांबले होते. मज्जातंतू म्हणजे स्नायूला चालना देणारी दोरी अशीच तोवर समजूत होती. हा मज्जातंतू उलट ब्रेक लावत होता.

या दोन शोधांची जोड लावली की चित्र पूर्ण होते. हृदयाच्या वरच्या कप्प्यात स्वतःहून ठोके काढणाऱ्या पेशींचा एक पुंजका असतो. त्याला कोणी हात लावला नाही, तर तरुणपणी तो मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके काढतो. वयानुसार हा स्वतःचा वेग उतरत जातो. 1970 च्या सुमारास होज आणि कॉलिसन या संशोधकांनी औषधांनी दोन्ही मज्जातंतूंचा प्रभाव तात्पुरता काढून निरोगी माणसांत तो मोजला. त्यांच्या सूत्राप्रमाणे साठीपासष्टीला तो सुमारे 80 येतो. या पुंजक्यावर दोन लगाम असतात. व्हेगस हा परानुकंपी संस्थेचा मज्जातंतू ब्रेक लावतो, अनुकंपी मज्जातंतू वेग वाढवतात. बसलेल्या निरोगी माणसाची नाडी सत्तरच्या घरात असते, याचे कारण व्हेगसचा ब्रेक सतत थोडा लागलेला असतो. श्वास आत घेताना हा ब्रेक सैल होतो, सोडताना घट्ट होतो. तो पुढच्याच ठोक्याला जाणवतो. अनुकंपी मज्जातंतूंचा परिणाम यायला मात्र काही सेकंद लागतात. म्हणूनच श्वासागणिक दिसणारा झटपट चढउतार हे जवळजवळ सर्वस्वी व्हेगसचे काम आहे. चढउतार नसेल तर पहिला संशय व्हेगसवर जातो.

आता मधुमेहाकडे. मधुमेहात मज्जातंतू बिघडतात हे एकोणिसाव्या शतकातच लक्षात आले होते. 1864 मध्ये फ्रान्समधल्या मार्शाल द काल्वी यांनी मज्जातंतूंचे हे विकार मधुमेहाचे कारण नसून परिणाम आहेत असे मांडले. तेव्हा मोठा भर पायांच्या बधिरतेवर आणि दुखण्यावर होता. हृदयाच्या मज्जातंतूंकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते, आणि त्याला कारण होते: माणसे तितकी वर्षे जगतच नव्हती. 1921-22 मध्ये टोरोंटोत इन्सुलिन मिळाले, त्यानंतर वीस-वीस, तीस-तीस वर्षे मधुमेह सांभाळणारी पिढी तयार झाली, आणि त्या पिढीबरोबर डोळ्यांचे, मूत्रपिंडांचे, मज्जातंतूंचे दीर्घकालीन विकार दिसू लागले. 1945 मध्ये अमेरिकेतल्या वेन रंडल्स यांनी मज्जातंतू बिघडलेल्या 125 मधुमेही रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात पायांबरोबर उभे राहिल्यावर येणारी चक्कर, रात्रीचे जुलाब, मूत्राशयाची ढिलाई, घामाचे विकार अशी एरवी एकमेकांशी न जुळणारी लक्षणे एका ठिकाणी आली. या सगळ्यांमागे स्वायत्त मज्जासंस्था होती. आपल्या इच्छेविना आतडी, रक्तवाहिन्या, घाम, हृदय सांभाळणारी ती यंत्रणा.

पुढचा धागा लंडनचा. तिथल्या शार्पी-शेफर आणि टेलर यांनी 1960 मध्ये दाखवले की अशा काही मधुमेही रुग्णांना नळीत जोराने फुंकायला लावले, तर निरोगी माणसाच्या नाडीत आणि रक्तदाबात जे ठरलेले चढउतार येतात ते त्यांच्यात येत नाहीत. त्यानंतर 1973 मध्ये किंग्ज कॉलेज रुग्णालयातल्या व्हीलर आणि वॉटकिन्स यांनी आणखी सोपे काही केले. प्रत्येक ठोक्याचा स्वतंत्र वेग नोंदवणारे यंत्र लावून त्यांनी रुग्णांना शांत बसवले, मग खोल श्वास घ्यायला लावले. निरोगी माणसांची रेघ करवतीसारखी वरखाली जात होती. स्वायत्त मज्जातंतू बिघडलेल्या मधुमेहींची रेघ पट्टीने मारल्यासारखी सपाट होती. निरोगी माणसांना अॅट्रोपिन दिले, म्हणजे व्हेगसचा परिणाम औषधाने अडवला, तर त्यांचीही रेघ सपाट झाली. प्रोप्रॅनोलॉल देऊन अनुकंपी परिणाम अडवला, तर करवत तशीच राहिली. त्यावरून खोल श्वासाची सपाट रेघ म्हणजे व्हेगसचा बिघाड, हे पक्के झाले. पुढच्या दोन-तीन वर्षांत वॉटकिन्स आणि लॉइड-मॉस्टिन यांनी असेही रुग्ण दाखवले, ज्यांचे हृदय दोन्ही लगामांपासून सुटलेले होते. मेंदूचा एक निरोपही तिथे पोचत नव्हता, तरी हृदय चालूच होते.

त्याच दशकात एडिंबरामध्ये डेव्हिड युइंग आणि ब्रायन क्लार्क यांनी या निरीक्षणांतून पाच साध्या चाचण्यांचा संच बनवला. त्यासाठी हृदयालेखाचे यंत्र आणि रक्तदाबमापक पुरते. खोल श्वास, नळीत फुंकणे आणि उभे राहणे या तिघांत नाडी पाहायची, उभे राहताना आणि मूठ आवळताना रक्तदाब पाहायचा. वडीगोद्रीच्या वर्गात आमच्या मित्रांनी यातल्या दोन चाचण्या घेतल्या, आणि उभे राहताना रक्तदाबही घेतला.

पहिली खोल श्वासाची. गुरुजींना बाकावर आडवे केले. पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. एका शिक्षिकेने मोठ्याने मोजून ताल धरला. यंत्राचा कागद साधारणतः सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, आमच्या मित्रांनी तो 50 वर नेला. कारण छोटे आहे पण कामाचे आहे. 25 च्या वेगाला एक मिलिमीटर म्हणजे 0.04 सेकंद, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या फरकात रेघेची जाडीच लपून जाते. 50 च्या वेगाला एक मिलिमीटर म्हणजे 0.02 सेकंद. ज्याला अगदी छोटा फरक शोधायचा आहे, त्याने फूटपट्टी बारीक घ्यायला हवी.

आधी तुलनेसाठी तिशीतल्या एका शिक्षकाचा आलेख घेतला. दोन उंच टोकांमधले सर्वांत छोटे अंतर 36 मिलिमीटर, म्हणजे 0.72 सेकंद, म्हणजे त्या क्षणी मिनिटाला 83 ठोक्यांचा वेग. सर्वांत मोठे अंतर 48 मिलिमीटर, 0.96 सेकंद, वेग 62 किंवा 63. फरक सुमारे 21. गुरुजींच्या कागदावर मात्र सर्वांत छोटे अंतर 32.5 मिलिमीटर आणि सर्वांत मोठे 33. वेग 92 आणि 91. श्वास आत, श्वास बाहेर, आणि हृदयाला त्याची खबरच नाही.

एडिंबराच्या निकषाप्रमाणे हा फरक 15 किंवा अधिक असेल तर ठीक, 10 किंवा त्याहून कमी असेल तर बिघाड. इथे सावध राहायला हवे. हा निकष सर्व वयांना सारखा लावणे चूक आहे, कारण वयाबरोबर चढउतार निरोगी माणसातही घटतो. साठी ओलांडलेल्याला सातआठचा फरक असेल तर आम्ही लगेच काही म्हटले नसते. त्यासाठी सर्वांत मोठ्या अंतराला सर्वांत छोट्याने भागून वयानुसारच्या तक्त्याशी तुलना करतात. गुरुजींचा भागाकार 33 भागिले 32.5, म्हणजे 1.015. पासष्टीच्या तक्त्यातली किमान मर्यादा सुमारे 1.03 आहे. वयाची सवलत देऊनही ते तिच्या खाली होते.

दुसरी चाचणी उभे राहण्याची. आडवे असलेला माणूस उठून उभा राहिला की रक्त पायांकडे उतरते, नाडी झटकन वाढते, आणि पंधराव्या ठोक्याच्या सुमारास ती सर्वांत जलद असते. मग रक्तवाहिन्या आकसतात, दाब सावरतो, व्हेगस पुन्हा ब्रेक लावतो आणि तिसाव्या ठोक्याच्या सुमारास नाडी मंदावते. तिसाव्या ठोक्याजवळच्या अंतराला पंधराव्याजवळच्या अंतराने भागायचे. तरुण शिक्षकाचे 37 भागिले 30, म्हणजे 1.23. गुरुजींचे 32 आणि 32, बरोबर 1.00. एडिंबराच्या निकषात 1.04 किंवा अधिक हे चांगले, 1.00 किंवा कमी हा बिघाड.

आणि त्याच वेळी रक्तदाब. आडवे असताना वरचा आकडा 148. उभे राहून एक मिनिटाने 130, तीन मिनिटांनी 112. मागे खुर्ची ठेवून एक जण धरायला उभा होता, ही चाचणी तशीच करायची असते. 36 ची ही घसरण गुरुजींना ‘जरा डोळ्यांपुढे अंधारी’ इतकीच जाणवली. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर आज ती उभे राहण्याची घसरण मानतात. पण आमच्या मित्रांनी बोट ठेवले ते नाडीवर. दाब 36 ने पडला आणि नाडी 91 वरून 94 झाली. पाणी कमी पडल्याने किंवा रक्तदाबाच्या गोळीने दाब पडला असता, तर मज्जातंतू शाबूत असलेल्या माणसाची नाडी चांगली वीसेक ठोक्यांनी उसळली असती. नाडीची वाढ भागिले दाबाची घट, हा भागाकार अर्ध्याहून कमी असेल तर दोष मज्जातंतूंकडे असण्याची शक्यता मोठी. गुरुजींचा 3 भागिले 36, म्हणजे 0.08. हा एक भागाकार रक्तदाबमापक आणि घड्याळ असलेल्या कोणालाही करता येतो.

फुंकण्याची चाचणी मुद्दाम टाळली. तीत पंधरा सेकंद 40 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब टिकवून फुंकावे लागते, आणि गुरुजींच्या डोळ्यांच्या पडद्यावर लेसरचे उपचार झालेले होते. मधुमेहाने कमकुवत झालेल्या तिथल्या बारीक रक्तवाहिन्या अशा जोराने फुटू शकतात.

गुरुजींच्या पिशवीत जुन्या कागदांची फाइल होती, शिक्षकाची असते तशी, तारखेनुसार लावलेली. ती चाळताना खरी गोष्ट बाहेर आली. पन्नाशीत नाडी 78. निवृत्तीच्या वर्षी 96. आता 91. गुरुजी म्हणाले, “म्हणजे मधे वाढली होती, आता कमी होत आलीय. बरंच झालं की.” वाटते तसेच, पण अर्थ उलटा आहे. व्हेगस हा शरीरातल्या सर्वांत लांब मज्जातंतूंपैकी एक, आणि मधुमेहात लांब मज्जातंतू आधी बिघडतात, जशी बधिरता पायाच्या बोटांपासून सुरू होते. आधी ब्रेक गेला, नाडी 96 वर चढली. मग हळूहळू अनुकंपी मज्जातंतूही झिजू लागले आणि नाडी पुन्हा खाली सरकली. अजून ती 80 च्या वर आहे, म्हणजे अनुकंपी धागे काही उरले असावेत. उभे राहिल्यावर रक्तवाहिन्या आकसत नाहीत, म्हणजे बरेच गेलेही असावेत. दोन्ही लगाम सुटले की नाडी आणखी उतरून आपल्या मूळ वेगावर येते आणि तिथेच राहते. जुन्या मधुमेहात जलद नाडी आपोआप कमी झाली, तर आधी खोल श्वासाची चाचणी करून पाहावी. ती सपाट असेल तर ही उतरण म्हणजे बिघाडाची पुढची पायरी आहे.

मात्र स्थिर नाडी म्हणजे मज्जातंतूंचाच बिघाड असे धरून चालू नये. हृदयगतीचे कृत्रिम यंत्र बसवलेले असेल, अॅट्रोपिनसारखा परिणाम असणारी औषधे चालू असतील, गळ्यातली थायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असेल, तरी नाडी बदलेनाशी किंवा जलद होते. प्रोप्रॅनोलॉलच्या जातीच्या गोळ्यांनी नाडी श्रमानेही वाढत नाही, पण तेव्हा ती मंद असते आणि श्वासाबरोबरची करवत बहुधा टिकून राहते. उलट दिशेची फसगतही होते. हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरत असतील किंवा अवेळी ठोके पडत असतील, तर चढउतार आकड्यात भरपूर दिसतो. त्याचा व्हेगसशी काही संबंध नसतो. ‘चढउतार जास्त म्हणजे प्रकृती उत्तम’ हे मनगटी घड्याळ जे सुचवते, ते अशा माणसाला पूर्ण चुकीचे सांगते. म्हणून आकड्याच्या आधी आलेख पाहायचा, आणि ठोके मुळात नेहमीच्या जागेतून निघताहेत ना याची खात्री करायची.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात नाडी आणि रक्तप्रवाह नोंदवणाऱ्या यंत्रांवर गेली अनेक दशके काम झाले आहे. जी. डी. जिंदल आणि सहकाऱ्यांनी नाडीच्या चढउतारावरून रोगांची ओळख पटवण्यासाठी बनवलेल्या विश्लेषक यंत्राचे वर्णन केंद्राच्या 2003 च्या एका अहवालात आहे. अशी यंत्रे आकडे झटपट देतात. मात्र पाच मिनिटे शांत पडून, बोलणे आणि चहा टाळून घेतलेली नोंद आणि बाजारातून चालताना मनगटावर उमटलेली नोंद यांची तुलना कोणत्याही यंत्राने होत नाही.

आता मुख्य प्रश्न. नाडी बदलत नाही, तर बिघडले काय? हृदय चालतेच आहे. एडिंबराच्या गटाने 1980 मध्ये 73 मधुमेही रुग्णांचा पाच वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. ज्यांच्या चाचण्या बिघडलेल्या होत्या, त्यांच्यापैकी 56 टक्के पाच वर्षांत दगावले. ज्यांच्या चाचण्या ठीक होत्या, त्यांच्यापैकी 21 टक्के. या आकड्याने तेव्हा धक्का बसला होता, पण तो जपून वाचायला हवा. हे रुग्ण आधीच लक्षणे असलेले, त्यांतल्या अनेकांचा मधुमेह फार पुढे गेलेला. बिघडलेल्या गटातले निम्मे मृत्यू मूत्रपिंड निकामी झाल्याने होते. म्हणजे सपाट रेघ नेहमी स्वतः मारेकरी नसते, शरीरात इतरत्र काय चालले आहे याची ती साक्षीदारही असते. पुढच्या, मोठ्या अभ्यासांत हा धोका इतका भयंकर दिसला नाही, पण तो दिसत राहिला.

आणि काही ठिकाणी ती थेट फसवते. गुरुजींच्या घरी आम्ही हेच समजावत बसलो. त्यांना ताप आला आणि नाडी 92 च राहिली तर ‘ताप साधाच आहे’ असे म्हणता येणार नाही. एरवी तापमान एक अंश सेल्सियसने वाढले की नाडी सुमारे दहाने वाढते, पण तो निरोप इथे पोचत नाही. साखर खूप उतरली तर छातीत धडधड, हातांना कंप या खुणा नाहीशा किंवा अंधुक होऊ शकतात. त्यांच्या पत्नींना हे ऐकून एकदम आठवले, मागच्या वर्षी एकदा ते काही न बोलता गप्प होऊन विचित्र वागायला लागले होते आणि साखर 48 निघाली होती. नाडी तेव्हाही नव्वदच होती, म्हणून तास वाया गेला. हृदयविकाराचा झटकाही असा न दुखता येऊ शकतो, कारण दुखण्याचा निरोप नेणारे धागेही याच मार्गाने जातात. अर्जेंटिनातल्या फायेरमन आणि सहकाऱ्यांनी 1977 मध्ये, न दुखता झटका येऊन दगावलेल्या मधुमेहींच्या हृदयातले मज्जातंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा ते बिघडलेले आढळले. अशा माणसाला अचानक धाप, घाम किंवा कारण नसलेली मळमळ झाली तर छातीत दुखण्याची वाट पाहायची नाही.

व्यायामाचे गणितही बदलते. 220 उणे वय म्हणजे 154, त्याच्या 70 टक्के म्हणजे 108, हे सूत्र गुरुजी घड्याळात पाहून पाळत होते. नाडी 108 ला पोचत नाही म्हणून ते आणखी भरभर चालत होते. आमच्या मित्रांनी त्यांना ते थांबवायला सांगितले. चालताना वाक्य पूर्ण बोलता येते का, हे त्यांचे माप. आणि भूल देण्याची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना ही चाचणी आधी दाखवायची. लंडनच्या पेज आणि वॉटकिन्स यांनी 1978 मध्ये अशा रुग्णांचा श्वास आणि हृदय अचानक थांबल्याच्या घटना नोंदवल्या होत्या, त्यांतल्या काही भूल देताना किंवा त्यानंतर घडल्या होत्या.

गेलेले धागे परत येतात का, हे गुरुजींनी सरळ विचारले. फारसे नाहीत. उशीर झालेल्या अवस्थेत तर नाहीतच. पण लवकर धरले तर बिघाड लांबवता येतो, याचे पुरावे चांगले आहेत. अमेरिका आणि कॅनडातल्या, 1993 मध्ये संपलेल्या एका मोठ्या चाचणीत लहानपणी होणाऱ्या प्रकारच्या मधुमेहात साखर काटेकोर ठेवल्याने हा विकार होण्याचे प्रमाण निम्म्याहून थोडे अधिक घटले. डेन्मार्कमधल्या स्टेनो केंद्राने प्रौढांच्या मधुमेहात 160 रुग्णांवर साखर, रक्तदाब, चरबी अशी सगळीकडून एकदम काळजी घेतली, तेव्हाही स्वायत्त मज्जातंतूंचा बिघाड ठळकपणे कमी झाला. प्रौढांच्या मधुमेहात निदानापासूनच, आणि लहानपणीच्या मधुमेहात पाच वर्षांनंतर ही तपासणी करावी, असे आजचे मार्गदर्शन आहे. आपल्याकडे पाय आणि डोळे तपासून घेण्याची सवय अलीकडे थोडी रुजली आहे. खोल श्वासाची चाचणी क्वचितच होते, हृदयालेखाचे यंत्र तालुक्याच्या दवाखान्यात असूनही. आमच्या मते याचे कारण खर्च नाही. नाडी बघितली, ती ठीक लागली, आणि प्रश्न तिथेच संपला असे सगळ्यांना वाटते.

गुरुजींच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची वेळ त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी नंतर बदलली. रात्री पलंगाची डोकेबाजू चार बोटे उंच केली, सकाळी उठताना आधी पाय खाली सोडून दोन मिनिटे बसायचे ठरले. त्यांच्या वहीत पूर्वी तारीख, साखर, दाब, नाडी असे चार रकाने होते. आम्ही पुन्हा गेलो तेव्हा दाबाचे दोन रकाने झाले होते, एकावर ‘आडवे’ आणि दुसऱ्यावर ‘उभे, तीन मिनिटांनी’ असे लिहिलेले. नाडीच्या रकान्यात सगळीकडे 91, 92, 91. त्यापुढे त्यांनी लाल शाईने वर्तुळ काढायला सुरुवात केली होती, जसे ते पूर्वी वहीत उतरवून काढलेल्या उत्तरांना काढत असत.